कारणाचा रकाना

धावणाऱ्या मुलीकडे पोहायच्या चष्म्याची डबी कशाला असेल, हा प्रश्न आजींना पडला तेव्हा नातीला घराबाहेर पडून पाऊण तास झाला होता. चष्मा कपाळावर सरकवून त्या आपलंच अक्षर पुन्हा वाचत होत्या. सवयीने लिहिलेलं अक्षर, बारीक, घाईचं, डावीकडे काय म्हणाली आणि उजवीकडे का म्हणाली. डावीकडे लिहिलं होतं : मुलगी गोळी जिभेखाली धरते, आई वळली की काढते, गॉगलच्या डबीत टाकते. हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं, अर्ध्या तासापूर्वी पुन्हा वाचून त्याखाली कौतुकाची रेघही ओढली होती, आणि तरी डबी त्यांना दिसली नव्हती. समोर नातीचा दुधाचा पेला होता, तळाशी दोन घोट उरलेले, वर साय धरत आलेली. जिना उतरताना पायरी संपली असं वाटावं आणि ती संपलेली नसावी, तसं त्यांना झालं.

सकाळी भिंगरी टेबलाशी आली तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. अकरा वर्षांची ही पोर कधी एका जागी बसत नाही, म्हणून तर नाव भिंगरी पडलं. आणि आज ती बसली होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून. "आजी, एक गोष्ट सांगू? पण गोष्ट हं, खरी नाही." आजी म्हणाल्या, सांग की. "एक मुलगी असते. ती धावते. शाळेत सगळ्यांत जोरात. तिला कधीकधी फिट येते, म्हणून रोज गोळी घ्यायची असते. पण गोळीने हातपाय जड होतात, मग तिचा नंबर जातो. म्हणून ती दहा दिवस गोळी घेतच नाही. आणि हे फक्त तिच्या मैत्रिणीला माहीत असतं. आणि मैत्रिणीने वचन दिलेलं असतं. गळ्याची शपथ वगैरे." मग डबीचं आलं. मग ती थांबली आणि म्हणाली, "तर मैत्रिणीने सांगायचं का कोणाला?"

आणि आजींनी काय केलं? वही ओढली. पेनाचं टोपण दातांनी काढलं. "तुला काय वाटतं?" असं विचारलं, आणि उत्तर आल्यावर विचारलं, "का?"

त्यांना आयुष्यभर काबाई म्हणत आले होते लोक. लग्नाआधी तीन वर्षं आणि लग्नानंतर सतरा वर्षं त्या एका संशोधन केंद्रात मुलांच्या मुलाखती घ्यायच्या. मुलं बरंवाईट कसं ठरवतात आणि वयाबरोबर ते ठरवणं कसं बदलतं, हा तिथल्या प्रमुख सरांचा विषय होता. सरांनी गोष्टी तयार केल्या होत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत गोष्टींचे पुठ्ठे, छापील वह्या, तासलेल्या पेन्सिली. शाळेच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्या आणि मोडकी बाकं यांच्यामध्ये दोन खुर्च्या. सहा वर्षांचं मूल समोर, पाय लोंबकळत. त्याला सांगायचं : एका मुलीने शेजारच्या काकूंना मदत म्हणून त्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं, इतकं घातलं की सात रोपं कुजली. दुसरीने राग आला म्हणून मुद्दाम एक रोप मोडलं. कोण जास्त वाईट? "सातवाली." का? "सात जास्त असतात." नऊ वर्षांचं तेच ऐकून तुच्छतेने बघायचं : "तिला काय माहीत होतं का कुजतील म्हणून?" या दोन उत्तरांमध्ये तीन वर्षं होती आणि त्या तीन वर्षांत नेमकं काय घडतं ते कोणालाच धड दिसत नाही, जसं केस वाढताना दिसत नाहीत. सहाव्या वर्षी खेळाचा नियम म्हणजे भिंत. जमिनीवर चौकोन आखून लंगडी घालायच्या खेळात आठाऐवजी सात चौकोन चालतील का? चालणार नाहीत. सगळ्यांनी मिळून ठरवलं तरी? तरी नाही, आठच असतात, पहिल्यापासून. दहाव्या वर्षी तेच मूल म्हणतं, सगळ्यांना चालत असेल तर सहा ठेवा की, फक्त खेळ चालू असताना मध्येच बदलायचं नाही.

मोठ्या मुलांसाठी पेचाच्या गोष्टी होत्या. इकडे आड तिकडे विहीर अशा, जसं मैत्रिणीचं गुपित सांगावं की नाही. त्यात हो म्हटलं की नाही म्हटलं याला सरांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "निकाल कोणीही देतं," सर म्हणायचे, "कारणाचा रकाना बघा, बाई." सांगू नये, कारण मार बसेल : ही पहिली पायरी. सांगू नये, कारण उद्या ती माझ्याही उपयोगी पडेल : दुसरी, देवाणघेवाणीची. सांगू नये, मग मैत्रीण म्हणून माझी काय शोभा राहील, लोक काय म्हणतील : तिसरी. सांगावं किंवा सांगू नये, पण कारण असं की सगळेच असं करू लागले तर कसं चालेल : चौथी. आणि त्यापुढे, कॉलेजातही थोड्याच जणांना चढता आलेली, नियम मुळात कशासाठी केला ते बघून, ज्यांना ज्यांना झळ लागेल त्या प्रत्येकाच्या जागी आळीपाळीने स्वतः बसून ठरवायची रीत. पायरी गाळून उडी मारता येत नाही. एक पायरी वरचं कारण मुलाला ओढतं, दोन पायऱ्या वरचं त्याला ऐकूच येत नाही, ते आपल्याच पायरीच्या भाषेत त्याचा अर्थ लावून मोकळं होतं. दर तीन वर्षांनी त्याच मुलांकडे परत जायचं. मिसरूड फुटलेली, आवाज फाटलेली तीच मुलं. "काय हो काबाई, अजून तीच गोष्ट?"

म्हणून सकाळी भिंगरी बोलत गेली तसतशा आजी आतून फुलत गेल्या होत्या. आता आठवून त्यांच्या कानशिलांना चटका बसला. भिंगरी आधी म्हणाली होती, सांगू नये, वचन ते वचन. का? मोडलं तर मैत्रीण कधीच बोलणार नाही. आजींनी उजवीकडे तीन लिहिलं. मग भिंगरी खूप वेळ पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "पण नुसतं ती बोलणार नाही म्हणून नाही. वचनं सगळ्यांनीच मोडली ना, तर कोणी कोणाला काही सांगणारच नाही." चार! अकराव्या वर्षी! आणि त्यानंतर, आवाज जरा बारीक करून : "त्या धावणाऱ्या मुलीच्या जागी मी असते तर मला वाटलं असतं सांगू नये. पण तिच्या आईच्या जागी असते तर? आईला तर माहीतच नाहीये की तिने काही विचारायला पाहिजे." आजींचं पेन झरझर चाललं होतं. असं वाक्य वीस वर्षांत त्यांनी चार-पाचदा ऐकलं असेल. "मग?" त्यांनी विचारलं. भिंगरी म्हणाली, "मग काय ते तू सांग ना." आणि आजी हसून म्हणाल्या, "मी नाही सांगायचं. तू सांगायचंस."

पोर उठली. पिशवी खांद्याला लावली. "अकराला शर्यत आहे," म्हणाली, "मासोळीची." आणि गेली. मासोळी म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण, तरणतलावावरच्या कोच मॅडमनी ठेवलेलं नाव. भिंगरीला स्वतःला पोहता येतं जेमतेम, ती जाते टाळ्या पिटायला आणि टॉवेल धरायला.

घड्याळात दहाला दहा कमी होते. आजींनी लेकीला फोन लावला. लेक दातांची डॉक्टर, पेशंटच्या तोंडात हात असताना फोन घेत नाही. तलावाच्या ऑफिसात नुसतीच घंटा वाजत राहिली. मासोळीच्या घरचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. चपला सापडेनात. सापडल्या त्या दोन वेगळ्या जोडांच्या, तशाच पायात घालून त्या जिना उतरल्या आणि कोपऱ्यावरच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. बस येईना. शेजारी उभा असलेला गृहस्थ वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता आणि मधूनमधून त्यांच्या पायांकडे बघत होता. त्यांना त्याचा राग आला, मग आपलाच आला. गोष्ट म्हणून सांगितली तर वचन मोडत नाही, असा हिशेब केला होता तिने. नियमाची अक्षरं न मोडता नियमाच्या बाहेर डोकावायचं. ही युक्ती त्यांनी शंभर मुलांत पाहिली होती. या वयातली मुलं वकिलांनाही हार जाणार नाहीत. आणि ज्या बाईला ही युक्ती सगळ्यांत आधी ओळखू यायची, तिने रेघा ओढत बसावं!

बस आली. खिडकीजवळ जागा मिळाली. दुकानांची अर्धी उघडलेली शटरं, एक बाई पायरीवर पाणी मारत होती, एक माणूस आरसा उचलून रस्ता ओलांडत होता आणि आरशात आख्खी बस वाकडी होऊन सरकली. प्रत्येक सिग्नल लाल. लेकीची त्यांना आठवण झाली, बारा वर्षांची असतानाची. तिच्यावरही गोष्टी करून पाहिल्या होत्या, सरांना न सांगता. घरच्या मुलांवर प्रयोग करायचे नाहीत असा नियम होता, तरी केल्या. कपडे वाळत घालता घालता विचारायचं, "समज एखाद्या मुलीने..." आणि एके दिवशी लेक चिमटे बादलीत टाकून म्हणाली, "आई, तू माझं ऐकत नाहीस. मोजतेस." तेव्हा त्यांना ते वाक्यही फार हुशारीचं वाटलं होतं. सरांना जाऊन सांगितलं होतं त्यांनी ते, कोणाचं हे न सांगता, आणि दोघं हसले होते.

सरांच्या जिन्यात बसत नसलेल्या गोष्टी काही कमी नव्हत्या. एक चार वर्षांचं पोरगं, भावाबरोबर आलेलं, नाव यादीत नाही. वेळ जावा म्हणून आजींनी त्याला विचारलं होतं, बाईंनी सांगितलं की आजपासून शाळेत बूट काढून बसायचं, तर? तर काढायचे. आणि बाईंनी सांगितलं की आजपासून एकमेकांना मारायचं, तर? पोरगं त्यांच्याकडे बघतच राहिलं. "नाही मारायचं." बाईंनी सांगितलं तरी? "तरी. त्याला दुखतं ना." इतकं लहान मूल आज्ञा आणि दुखणं यांत फरक करत होतं, ज्याने अजून पहिली पायरीही चढलेली असणं अपेक्षित नव्हतं. सर म्हणाले, यादीत नाही ना, सोडून द्या. आणि दुसरी ती तेरा वर्षांची, दोन वेण्यांची, सगळ्या मुलाखतभर खिडकीतून बाहेर बघणारी. तिने ना हो म्हटलं ना नाही. तिने विचारलं, "त्या दोघी आधी एकमेकींशी बोलल्या का?" गोष्टीत ते दिलेलं नाही, आजी म्हणाल्या. "मग गोष्ट अर्धीच आहे," मुलगी म्हणाली. तिच्या रकान्यात आजींनी तीन आणि प्रश्नचिन्ह टाकलं होतं. नात्यांपलीकडे विचार जात नाही, असं सरांनी खाली लिहिलं. वही मिटताना मुलीने विचारलं होतं, "तुम्ही काय केलं असतं?" मुलाखतीचा पहिला नियम : उत्तर द्यायचं नाही, हो-नाही करायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, नाहीतर मूल आपल्याला खूश करायला बोलू लागतं. "इथे मी विचारते," आजी म्हणाल्या होत्या, गोड हसून. मुलगी उठून गेली. नियम बरोबरच होता. तो पाळला म्हणून तर त्या वह्यांना अर्थ होता. पण तो खोलीपुरता होता, त्या मोडक्या बाकांच्या खोलीपुरता, आणि आजी तो पिशवीत घालून घरी घेऊन आल्या आणि चाळीस वर्षं त्यांनी तो डायनिंग टेबलावर ठेवला. का ठेवला? बरं वाटायचं म्हणून. विचारणाऱ्याला कधी चुकावं लागत नाही.

बस पुलावर अडकली. दहा चाळीस. एक ट्रक आडवा झाला होता, ड्रायव्हर उतरून एकमेकांची विचारपूस करत होते. आजी उठल्या. "उतरू द्या हो मला." कंडक्टर म्हणाला, "मावशी, इथे थांबा नाही." "माहीत आहे." "मग नियमाने नाही सोडता येत मला. उद्या पडलात तर?" आजींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि अशाही घडीला डोक्यात आकडा उमटला, त्या मनातल्या मनात स्वतःला म्हणाल्या, मेलीस तरी सुधारायची नाहीस. "अरे बाबा, एक पोर पाण्यात उतरतेय," त्या म्हणाल्या, "तिला उतरू द्यायचं नाहीये." त्याने आणखी काही विचारलं नाही. घंटी ओढली, हाताला धरून खाली उतरवलं.

पूल संपायला किती वेळ लागतो हे त्यांना कधी माहीत नव्हतं. दोन जोडांच्या चपला दोन तऱ्हेने वाजत होत्या. पाण्यात फिट आली तर आवाज होत नाही, हे त्यांना कुठूनतरी माहीत होतं. बुडणारं माणूस हात वर करून ओरडतं ते सिनेमात. इथे नुसतं एक डोकं कमी होईल. टाळ्या चालू राहतील. छातीत कळ आली तशी त्या कठड्याला टेकल्या, कळ बरी आहे असं त्यांना वाटलं, निदान काहीतरी दुखतंय. आणि भिंगरी तलावाच्या काठाशी टॉवेल धरून उभी असेल, वचन तोंडात धरून, जसं दुसरीने गोळी धरली होती.

तलावाच्या फाटकातून आत शिरल्यावर औषध घातलेल्या पाण्याचा उग्र वास आला आणि शिट्टी ऐकू आली. आठ पट्ट्यांच्या तलावात मुली उतरल्या होत्या. आजींनी टोप्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. कोणती कोण ते कळेना. मग सातव्या पट्ट्यात कोणीच नाही हे दिसलं; मोजल्या होत्या त्या सातच होत्या.

भिंगरी कपडे बदलायच्या खोलीच्या दारात भिंतीला पाठ लावून उभी होती. तोंड लालबुंद. आजींना बघून ती धावत आली नाही.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "कोच मॅडमना. त्यांनी तिला बसवलं. तिच्या आईला फोन केलाय."

"कधी सांगितलंस?"

"आधी तिलाच सांगितलं. म्हटलं, चल, तू सांग, मी बरोबर येते. ती म्हणाली, तुला माझा नंबर नकोय, तुला स्वतःला पोहता येत नाही म्हणून. मग मी म्हटलं, तू दहा मोजेपर्यंत नाही गेलीस तर मी जाते." तिने पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मी वीसपर्यंत मोजलं, आजी."

आजींनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. भिंगरी मागे सरकली.

"मी तुला विचारत होते सकाळी! आणि तू नुसती का, का, का! मला काय माहीत का! मला ते पाणी दिसलं ना, तेव्हा मला भीती वाटली, आणि ती मेली तर सगळे मला ओरडतील असं वाटलं, आणि तिची आई, आणि सगळं एकदम वाटलं. सकाळचं काहीच आठवलं नाही मला."

एकदम. पहिली आणि तिसरी आणि त्यापलीकडची, सगळ्या पायऱ्या एकाच पोरीत, एकाच वेळी, एकमेकींवर पाय देत. आजींना वाटलं, वरची पायरी चढली म्हणून खालची घरातून जात नाही, ती असतेच, दार वाजवत. आणि केलं ते यातल्या नेमक्या कोणी केलं, हे भिंगरीला माहीत नव्हतं, आणि कोणालाच कधी कळणार नव्हतं.

"चुकलं माझं," आजी म्हणाल्या. "तू बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर वीसपर्यंत थांबले नसते, भित्रट आहे मी. पण बरोबर हेच होतं."

भिंगरीने नाक पुसलं. "हे सकाळी सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"मग मला एकटीला यावं लागलं नसतं."

आजींनी मान डोलावली. भिंगरी एवढंच म्हणाली, "तिच्याजवळ कोणी बसायला पाहिजे. माझं तोंड नाही बघणार ती. तू जा," आणि फाटकाकडे निघून गेली, मासोळीच्या आईची वाट बघायला. पाठीवर तिची पिशवी एका पट्ट्यावर लोंबत होती.

आतल्या बाकावर मासोळी पोहण्याच्या कपड्यांत बसली होती, टॉवेल न घेता. डोळ्यांभोवती गॉगलचे वळ. रुंद खांदे, लांब पाय, आणि चेहरा इतका लहान. आजी बाजूला टेकल्या. बाहेर कोणीतरी जिंकलं होतं, त्याचा गलका उठला.

"तुम्ही तिच्याच आजी ना?" मासोळी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "तिने वचन मोडलं. तिला काही शिक्षा नाही होणार?"

का, हा शब्द ओठांपर्यंत आला. आजींनी तो गिळला.

"होणार की," त्या म्हणाल्या. "तू तिच्याशी बोलणार नाहीस."

मासोळीने पहिल्यांदा मान वळवली. तिच्या केसांतलं पाणी बाकावर टपटपत होतं.

"कधीच नाही बोलणार," ती म्हणाली.

"हो. तिला ठाऊक होतं ते. तुझ्याकडे यायच्या आधीच."

मासोळीचे खांदे वर गेले, तिथेच राहिले. मग हळू आवाजात, जणू उत्तर नको असल्यासारखं, तिने विचारलं,

"मग तरीसुद्धा का सांगितलं?"